बँकेतली रक्कम आणि तीन कागद: सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट की वारस दाखला?

मी बँकेत असताना शेवटची सात वर्षे ठाण्यातल्या एका शाखेत मृत खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर यायचे. एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. एक बाई कापडी पिशवीतून लॅमिनेट केलेला वारस दाखला काढून माझ्यापुढे ठेवत होत्या. तो मिळवायला त्यांचे आठ महिने गेले होते. वकिलांची फी गेली, कोर्ट नाक्याच्या फेऱ्या झाल्या. त्यांच्या नवऱ्याच्या त्या खात्याला नॉमिनी म्हणून त्यांचेच नाव होते. मृत्यूचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन त्या आल्या असत्या, तरी काम झाले असते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आमच्याच शाखेत त्यांना पहिल्या दिवशी "कोर्टाचा कागद आणा" असे तोंडी सांगून परत पाठवले होते.

उलटही घडते. गावच्या तलाठ्याकडची वारस नोंद घेऊन लोक वीस लाखांची ठेव मागायला येतात आणि रिकाम्या हाताने जातात. चूक दोन्हीकडे एकच आहे. कागद आधी काढला जातो आणि गरज नंतर तपासली जाते. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे: आधी खाते, मग बँक काय मागते ते, आणि सगळ्यात शेवटी कोर्ट.

सोयीसाठी एक कुटुंब सोबत घेऊ. नावे बदलली आहेत, परिस्थिती नेहमीची आहे. ऐरोलीत राहणारे 56 वर्षांचे गृहस्थ मुंबईतल्या रुग्णालयात वारले. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी सुनंदाताई, पुण्यात सासर असलेली मुलगी, परदेशात नोकरी करणारा मुलगा, आणि ओतूरला राहणारी 81 वर्षांची आई. तीन ठिकाणी पैसे आहेत:

- सरकारी बँकेत पगाराचे खाते, 3 लाख 40 हजार, नॉमिनी सुनंदाताई.
- ठाण्यातल्या सहकारी बँकेत मुदत ठेव, व्याज धरून 4 लाख, नॉमिनी नाही.
- खासगी बँकेत मुदत ठेवी, व्याज धरून 22 लाख, नॉमिनी नाही.

टप्पा 1: कागदांची नावे नीट ओळखा

वारस दाखला या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली म्हणजे तलाठ्याकडची वारस नोंद आणि त्यावरून होणारा फेरफार. ती शेतजमिनीच्या सातबाऱ्यासाठी आहे. बँकेच्या ठेवीशी तिचा संबंध नाही. दुसरा म्हणजे तहसील कार्यालयाचा वारस दाखला. तो मुख्यतः सरकारी नोकरीतल्या माणसाचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि थकीत रकमा यांसाठी काढतात. तिसरे म्हणजे दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र. ते 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली मिळते आणि मृत व्यक्तीचे कायदेशीर वारस कोण, एवढे जाहीर करते. वकील 'हेअरशिप' म्हणतात ते हेच.

सक्सेशन सर्टिफिकेट वेगळे. ते भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 372 खाली अर्ज करून न्यायालयाकडून मिळते. ते फक्त येणे रकमा आणि रोख्यांसाठी असते, म्हणजे बँक ठेवी, शेअर, बाँड. त्यात कोणत्या बँकेची कोणती ठेव, किती रकमेची, हे आकड्यांसह लिहिलेले असते. ज्याच्या नावे ते आहे त्याला पैसे दिले की बँक जबाबदारीतून मोकळी होते, असे कलम 381 सांगते. म्हणून मोठ्या रकमेला बँका हाच कागद मागतात. वारस प्रमाणपत्र वारस कोण ते सांगते. ही रक्कम कोणाच्या हातात द्यायची, ते सक्सेशन सर्टिफिकेट सांगते.

प्रोबेट तिसऱ्याच परिस्थितीसाठी आहे. मृत्युपत्र असेल तरच त्याचा प्रश्न येतो. मृत्युपत्र खरे आहे आणि त्यात नेमलेला व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, त्याप्रमाणे वाटणी करू शकतो, यावर न्यायालयाने उमटवलेली ती मोहोर असते. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही. तेव्हा मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागावी लागतात.

> इशारा: सक्सेशन सर्टिफिकेटवर फ्लॅट, जमीन किंवा लॉकरमधले दागिने मिळत नाहीत. सोसायटीत नाव लावायला तोच कागद चालेल अशी समजूत करून घेऊ नका.

टप्पा 2: कोर्टाआधी खात्यांची यादी

मृत्यूचा दाखला मृत्यू जिथे झाला तिथली महापालिका देते. आपल्या उदाहरणात माणूस ऐरोलीचा असला तरी दाखला मुंबई महापालिकेचा मिळेल. किमान दहा प्रती घ्या. दाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' हा फरक आपल्याला किरकोळ वाटतो, पण बँकेच्या विधी विभागात फाईल यावरच अडते. दुरुस्ती दाखल्यात करून घ्यायची की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, हे आताच ठरवा. कोर्टात अर्ज गेल्यावर तीच चूक प्रमाणपत्रातही उतरते.

मग खाती शोधा. पासबुके, ठेवीच्या पावत्या, ईमेलमधली विवरणे पाहा. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे AIS मध्ये, दिसणारे व्याज हा सगळ्यात भरवशाचा माग आहे, कारण व्याज देणाऱ्या बँकेचे नाव तिथे येते. जुनी, विसरलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या UDGAM पोर्टलवर शोधता येतात. तिथे फक्त दहा वर्षे हालचाल नसलेल्या ठेवी दिसतात, पण शोधायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

यादी पूर्ण झाल्याशिवाय कोर्टात जाऊ नका. प्रमाणपत्र मिळाल्यावर आणखी एक ठेव सापडली तर कलम 376 खाली ते वाढवून मिळते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा फी.

> इशारा: मृत्यूनंतर एटीएम कार्ड, यूपीआय किंवा आधी सही करून ठेवलेला धनादेश वापरून पैसे काढू नका. क्रियाकर्माच्या खर्चासाठी असे करणारी माणसे वाईट नसतात. पण पुढे एखाद्या वारसाने खाते उतारा मागितला की त्या नोंदी भांडणाचे कारण होतात आणि ना हरकत मिळेनाशी होते.

टप्पा 3: प्रत्येक बँकेकडून लेखी उत्तर घ्या

प्रत्येक शाखेला एक पत्र द्या. त्यात चार गोष्टी विचारा: या ग्राहकाच्या नावे कोणकोणती खाती व ठेवी आहेत, व्याजासह आजची रक्कम किती, नॉमिनी किंवा हयात सहखातेदाराची अट नोंदलेली आहे का, आणि दावा देण्यासाठी कोणते कागद लागतील. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी उत्तरावर कोर्टात जाऊ नका.

उत्तर वाचताना कोणता नियम लावायचा, ते आता पाहू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मृत ग्राहकांच्या दाव्यांसाठी सर्व बँकांना एकसारखे निर्देश दिले आणि ते लागू करायला 31 मार्च 2026 ही शेवटची मुदत दिली.

नॉमिनी असेल, किंवा संयुक्त खात्यात 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी अट असेल, तर रक्कम कितीही असो, बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट, हमीपत्र किंवा जामीनदार मागायचा नाही. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचे ओळखपत्र एवढे पुरते. न्यायालयाने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी.

सुनंदाताईंचे पहिले खाते इथेच संपते. पण एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलून ठेवा: नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. बँकेने 3 लाख 40 हजार सुनंदाताईंना दिले तरी त्यात मुलगा, मुलगी आणि सासूबाई यांचा वाटा राहतोच.

नॉमिनी नसेल तर रकमेची पायरी येते. सहकारी बँकांसाठी ती 5 लाख आणि इतर बँकांसाठी 15 लाख आहे. बँकेला ती स्वतःहून वाढवता येते. या रकमेपर्यंत कोर्टाचे कागद लागत नाहीत. दावा करणाऱ्या वारसांचा अर्ज, हमीपत्र, पैसे न घेणाऱ्या वारसांचे ना हरकत पत्र, आणि वारस कोण याचा पुरावा म्हणून वारस दाखला किंवा कुटुंबाला चांगले ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या त्रयस्थाचे निवेदन चालते. तो त्रयस्थ बँकेला मान्य हवा. इथे सोसायटीचे सचिव, जुने शेजारी, डॉक्टर उपयोगी पडतात. सहकारी बँकेतली 4 लाखांची ठेव याच वाटेने सुटते.

या पायरीच्या वर मात्र बँक सक्सेशन सर्टिफिकेट मागू शकते. काही ठिकाणी सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला किंवा त्रयस्थाचे प्रतिज्ञापत्र, सोबत हमीपत्र आणि जामीनदार यांवरही दावा मंजूर होतो. म्हणून लेखी विचारा: "आमच्या दाव्यासाठी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र चालेल का, की सक्सेशन सर्टिफिकेटच हवे?" या एका ओळीने काहींचे सहा महिने वाचले आहेत. सक्सेशन सर्टिफिकेटची कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हा फक्त वेळेचा प्रश्न राहत नाही.

आपल्या उदाहरणातल्या खासगी बँकेने 22 लाखांसाठी सक्सेशन सर्टिफिकेटच हवे असे लेखी कळवले. म्हणजे एकूण 29 लाख 40 हजारांपैकी कोर्टात जायचे आहे ते फक्त 22 लाखांसाठी. बाकीचे दोन दावे त्याच आठवड्यात दाखल करा. पहिले दोन अर्ज कोर्टाच्या निकालाची वाट पाहत पडून राहिलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत.

> तपासा: तुमच्या यादीतल्या प्रत्येक खात्यापुढे 'नॉमिनी', 'मर्यादेत' किंवा 'कोर्ट' यांपैकी एक शब्द लिहिता आला का? एका जरी खात्यापुढे लिहिता आला नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा 4: वारसांची यादी, आणि त्यात आई

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी त्यानुसारच यादी करावी.

आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे आणि वडील नाहीत, हे ऐकून बहुतेक घरांत आधी शांतता पसरते. नव्वद टक्के चुकीच्या अर्जांत काय चुकलेले असते असे मला विचारले, तर मी हेच सांगेन: गावी राहणाऱ्या आईचे नाव नसते. ते मुद्दाम वगळलेले असते असे नाही. "आईला कशाला कोर्टाचा त्रास" एवढाच विचार असतो. पण अर्जात कुटुंबातले सर्व जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावेच लागतात, आणि महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले प्रमाणपत्र कलम 383 खाली रद्द होऊ शकते. लग्न झालेली मुलगीही तितकीच वारस आहे, तिचे लग्न केव्हा झाले याने फरक पडत नाही.

आपल्या उदाहरणात चार वारस, चार समान हिस्से. 22 लाखांत प्रत्येकाचे साडेपाच लाख.

आता समजा, अर्ज चालू असताना ओतूरच्या आजी वारल्या. त्यांचे साडेपाच लाख या तिघांत वाटले जातात असे सगळे गृहीत धरतात. तसे होत नाही. मुलाच्या मृत्यूच्या क्षणीच तो हिस्सा आजींचा झाला होता. त्यामुळे तो आता आजींच्या वारसांकडे जाईल. आजींना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी असेल, आजोबा आधीच गेले असतील, तर तीन शाखा होतात. काकांना आणि आत्याला प्रत्येकी सुमारे 1 लाख 83 हजार, आणि तिसरा भाग आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना, म्हणजे नातू आणि नातीला मिळून. सुनंदाताईंना सासूबाईंच्या हिश्श्यातून काही मिळत नाही, कारण बाईच्या वारसांत आधी वारलेल्या मुलाची मुले येतात, त्याची पत्नी नाही. म्हणून घरात वयस्क आई असेल तर अर्ज दाखल करायला उशीर करू नका. एका मृत्यूने वारसांची संख्या चारची पाच होते आणि ना हरकत घ्यायला नव्या दोन दारांत जावे लागते.

टप्पा 5: ना हरकत, पण वाचून

इतर वारसांची प्रतिज्ञापत्रे अर्जासोबतच जोडता आली तर काम पुष्कळ सोपे होते. पण त्यातला मजकूर नीट वाचा. "सुनंदाताईंच्या नावे सर्टिफिकेट द्यायला माझी हरकत नाही" हे एक वाक्य झाले. "माझा या रकमेवर कोणताही हक्क नाही आणि मी तो सोडत आहे" हे दुसरे. मुलीने किंवा आजींनी पहिल्यावर सही करायची असते आणि छापील नमुन्यात दुसरेच असते. पैसे एकीने स्वीकारून सगळ्यांत वाटायचे ठरले असेल, तर तसेच लिहा, हिश्श्यांसह.

परदेशातल्या मुलासाठी वेळ हाताशी ठेवा. त्याला प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात करून पाठवावे लागते. मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे असते. ते पाकीट कपाटात ठेवून विसरू नका, त्यावर पोहोचल्याची तारीख लिहून ठेवा.

टप्पा 6: कोणते न्यायालय

मृत व्यक्ती मृत्यूच्या वेळी नेहमी कुठे राहत होती, त्यावर हे ठरते. रुग्णालय कुठे होते, बँकेची शाखा कुठे आहे, वारस कुठे राहतात, याने काही फरक पडत नाही. मृत्यूचा दाखला मुंबईचा असल्यामुळे मुंबईत अर्ज करून तो परत घ्यावा लागलेली कुटुंबे मला माहीत आहेत.

नवी मुंबईत आणखी एक गाठ आहे. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. पत्त्यात सगळीकडे 'नवी मुंबई' लिहिले असले तरी खारघरच्या माणसासाठी पनवेलचे न्यायालय, ऐरोलीच्या माणसासाठी ठाणे जिल्ह्यातले. हे अर्ज बहुधा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. ठाण्यात की बेलापूरला दाखल करायचा, हे फाइलिंग विभागात पत्ता दाखवून विचारून घ्या.

पत्त्याचा पुरावा मृत व्यक्तीचा हवा: आधार, रेशन कार्ड, वीज बिल. आधारवर ओतूरचा जुना पत्ता असेल तर सोसायटीचे पत्र किंवा भाडेकराराची प्रत जोडा.

टप्पा 7: अर्ज आणि त्याचे परिशिष्ट

अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सर्व नातेवाईक, अर्जदाराचा हक्क कोणत्या नात्याने, आणि ज्या रकमांसाठी प्रमाणपत्र हवे त्यांचा तपशील लागतो. वकील मसुदा करतील. शेवटचे परिशिष्ट मात्र तुम्ही स्वतः तपासा, कारण बँक फक्त तेच पान वाचते.

परिशिष्टात बँकेचे पूर्ण नाव, शाखा, खाते क्रमांक, ठेव क्रमांक, मूळ रक्कम, व्याजासह रक्कम आणि कोणत्या तारखेची रक्कम, हे बँकेच्या पत्राशी ताडून पाहा. दोन माणसांनी बसावे. एकाने पत्र मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने परिशिष्टावर बोट ठेवावे. माझ्यासमोर एकदा चौदा आकडी खाते क्रमांकात 6 च्या जागी 8 पडलेले प्रमाणपत्र आले. बाकी सगळे बरोबर होते. तरीही आम्हाला रक्कम देता आली नाही, दुरुस्तीसाठी त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागले.

दुसरा सापळा ठेव आपोआप नव्याने सुरू होण्याचा आहे. अर्ज चालू असताना मुदत संपली आणि ठेवीचे नूतनीकरण झाले, तर रक्कम बदलते, आणि काही बँकांत क्रमांकही बदलतो. प्रमाणपत्र हाती येते तेव्हा त्यात लिहिलेली ठेव बँकेच्या संगणकात बंद दिसते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. बँकेला लेखी कळवा की निकालापर्यंत ठेवीच्या क्रमांकात बदल झाल्यास दोन्ही क्रमांकांचा संबंध दाखवणारे पत्र द्यावे. आणि परिशिष्टात "या ठेवी, त्यांचे नूतनीकरण आणि प्रत्यक्ष मिळेपर्यंतचे व्याज" अशी ओळ घ्या.

> तपासा: परिशिष्टाची एक प्रत शाखेत दाखवा आणि विचारा, "असे प्रमाणपत्र आले तर तुम्ही पैसे द्याल ना?" अर्ज दाखल होण्याआधी हे विचारायला काहीच अडचण नाही.

टप्पा 8: दाखल केल्यापासून प्रमाणपत्रापर्यंत

अर्ज नोंदला की न्यायालय नातेवाइकांना नोटीस काढते आणि बहुधा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगते. नोटिशीत दिलेल्या तारखेपर्यंत हरकत घेता येते. नोटीस छापून आली की त्या अंकाची मूळ प्रत वकिलांकडे द्या, ती पुरावा म्हणून दाखल होते. ओतूरच्या पत्त्यावरची नोटीस "घर बंद" शेऱ्याने परत आली तर पुढची तारीख फुकट जाते. म्हणून आजींच्या घरी कोणी असेल असे पाहा, किंवा त्यांचे प्रतिज्ञापत्र आधीच दाखल करा.

हरकत आली नाही तर अर्जदाराचे सरतपासाचे, म्हणजे तोंडी साक्षीच्या जागी द्यायचे, शपथपत्र होते. मूळ कागद सोबत लागतात, विशेषतः मृत्यूचा दाखला आणि बँकेचे पत्र. मग आदेश होतो. आदेश म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. त्यानंतर कोर्ट फीची पूर्तता आणि न्यायालयाने सांगितले असेल तर हमीपत्र किंवा जामीन द्यावा लागतो, तेव्हाच प्रमाणपत्र तयार होते. कित्येकजण आदेशाची नक्कल घेऊन बँकेत येतात आणि बँक ती परत करते. सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्या आणि प्रमाणित नकला जास्तीच्या मागा.

हरकत आली तर न्यायालय प्रथमदर्शनी कोणाचा हक्क चांगला आहे ते पाहून निर्णय देऊ शकते. त्या निर्णयाने हिश्श्यांचा वाद कायमचा मिटत नाही, तो वेगळ्या दाव्यात नेता येतो.

टप्पा 9: मृत्युपत्र सापडले तर

कपाटात मृत्युपत्र सापडले की लोक घाबरून प्रोबेटला धावतात. पूर्वी मुंबई शहराच्या ठराविक हद्दीत केलेल्या, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे होते. ठाण्यात बसून ठाण्यातल्या मालमत्तेबद्दल केलेल्या मृत्युपत्राला ते तेव्हाही सक्तीचे नव्हते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ती सक्ती सांगणारे कलम 213 च कायद्यातून काढून टाकले.

तरी सक्ती नाही म्हणजे गरज नाही असे नव्हे. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, सर्व नैसर्गिक वारस ते मान्य करत आहेत आणि रक्कम मर्यादेत आहे, तर आधी बँकेला मृत्युपत्र आणि सगळ्यांची लेखी संमती दाखवा. एकाही वारसाला मृत्युपत्रावर शंका असेल, किंवा रक्कम मोठी असून बँक अडून बसली असेल, तर प्रोबेट घ्या. त्यासाठी हयात साक्षीदाराचे शपथपत्र लागते. साक्षीदार वयस्क असतील तर त्यांचा आजचा पत्ता आणि फोन याच आठवड्यात शोधा.

> इशारा: मृत्युपत्र आहे हे माहीत असताना ते न सांगता सक्सेशन सर्टिफिकेटचा अर्ज करू नका. ते लपवणे हे प्रमाणपत्र रद्द होण्याचे कारण ठरते.

टप्पा 10: बँकेत परत

प्रमाणपत्र, दावा अर्ज, ओळखपत्रे आणि पैसे जमा करायच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश एकाच वेळी द्या आणि यादीवर पोच घ्या. सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीच्या रकमेवर रिझर्व्ह बँक जाहीर करते तो बँक रेट अधिक 4 टक्के या दराने भरपाई द्यावी लागते. "कागद अपूर्ण" असे तोंडी सांगितले तर काय अपूर्ण आहे ते लिहून मागा, कारण 15 दिवस मोजायचे ते पोच मिळालेल्या तारखेपासूनच.

मृत व्यक्तीची मुदत ठेव मुदतीआधी मोडल्यास दंड लागत नाही. हिशेबाच्या कागदावर दंडाची कपात दिसली तर तिथेच विचारा.

सुनंदाताईंच्या खात्यात 22 लाख आले की त्या सर्टिफिकेटधारक म्हणून इतरांचे पैसे सांभाळत आहेत. आजी हयात असतील तर त्यांचे साडेपाच लाख आजींच्याच खात्यात वर्ग करा. रोख देऊ नका, मुलाच्या खात्यातून फिरवू नका. वर्ग करताना तपशिलात "सक्सेशन सर्टिफिकेटप्रमाणे हिस्सा" असे लिहा, आणि प्रत्येक वारसाची पावती त्याच फाईलमध्ये लावा. आणि ओतूरच्या बँकेत गेलातच, तर आजींच्या खात्याला नॉमिनी आहे का, तेही त्याच दिवशी पाहून घ्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात.